ज्वारीचा श्वास आणि करडईचा श्वास

धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, कर्नाटकाच्या सीमेजवळ, उमरगा हे तालुक्याचे गाव आहे. सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता या गावावरून जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या मातीची शेते पसरलेली आहेत. आता यांतील पुष्कळ जमीन सोयाबीनने व्यापली आहे. परंतु या भागाची जुनी रब्बी पिके म्हणजे ज्वारी आणि करडई. ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईचे तास पेरण्याची रीत शेतकऱ्यांत फार जुनी आहे. करडईच्या पानांना तीक्ष्ण काटे असतात. त्यामुळे मोकाट गुरे आत शिरत नाहीत. ज्वारीने भाकरी द्यावी, करडईने तेल द्यावे आणि जाता जाता ज्वारीची राखणही करावी, अशी ही जोडी आहे.

पूर्वी मराठवाडा आणि सोलापूर या भागांत ज्वारी साठविण्यासाठी जमिनीत पेव खणीत असत. पाणी साचणार नाही अशी उंचवट्याची, मुरमाची जागा निवडून तेथे रांजणाच्या आकाराचा मोठा खड्डा घेत. त्याचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असे. आतून काडाचा किंवा भुशाचा थर देऊन त्यात वाळलेली ज्वारी ओतीत आणि तोंडावर दगड ठेवून ते मातीने लिंपून टाकीत. अशा पेवात धान्य वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ टिके.

पेव उघडण्याच्या दिवशी मात्र जाणती माणसे फार सावध असत. दगड दूर केल्यावर कोणालाही लगेच आत उतरू देत नसत. पेव बराच वेळ उघडे ठेवीत. मग दोरीला बांधलेला पेटता कंदील हळूहळू खाली सोडीत. कंदील विझला, तर आत पाऊल टाकायचे नाही, हा नियम होता. हा नियम ज्यांनी मोडला, त्यांपैकी कित्येक जण पुन्हा वर आले नाहीत. पेवात ना साप होता, ना आग, ना धूर. दिसायला तेथे नुसती ज्वारी होती. मग माणसाचे प्राण कोणी घेतले? ते घेतले ज्वारीच्या श्वासाने.

वाळलेला दाणा निर्जीव वाटतो, पण तो जिवंत असतो. म्हणून तर पेरल्यावर तो उगवतो. जिवंत आहे म्हणूनच तो श्वसन करतो. त्याला नाक नाही, फुप्फुसे नाहीत; तरीही भोवतालच्या हवेतील प्राणवायू तो आत घेतो, त्याच्या साहाय्याने आपल्यातील अन्नाचा अगदी थोडा अंश जाळतो आणि कर्बवायू, म्हणजेच कार्बन डायॉक्साइड, बाहेर टाकतो. या जळण्यात ज्वाला नसते. ते अतिशय मंद असते. चांगल्या वाळलेल्या दाण्याचे श्वसन इतके सावकाश चालते की ते लक्षातही येत नाही. परंतु धान्य जरासे दमट राहिले की हा वेग पुष्कळ वाढतो. धान्यातील किडे आणि बुरशी यांचेही श्वसन त्यात मिळते. हवा बाहेरून येण्याची वाट बंद. म्हणून पेवातील प्राणवायू घटत जातो आणि कर्बवायू वाढत जातो. प्राणवायू संपत आला की किडेही मरतात. पेवातील धान्य टिकते ते यामुळेच.

आता प्रश्न असा, की जेवढा प्राणवायू घेतला जातो, तेवढाच कर्बवायू बाहेर पडतो काय?

ज्वारीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ ‘होय’ असे आहे. साध्या हवेच्या शंभर भागांत सुमारे एकवीस भाग प्राणवायू असतो आणि कर्बवायू एका भागापेक्षाही पुष्कळ कमी असतो. बंद जागेतील ज्वारीने यांतील दहा भाग प्राणवायू वापरला, तर सुमारे दहा भाग कर्बवायू तयार होतो. करडईचे तसे नाही. करडईचा दाणा उगवू लागला असता त्याने दहा भाग प्राणवायू वापरला, तरी कर्बवायू सुमारे सातच भाग निघतो. बाहेर पडलेल्या कर्बवायूच्या आकारमानाला वापरलेल्या प्राणवायूच्या आकारमानाने भागले असता जी संख्या येते, तिला श्वसन गुणांक म्हणतात. ज्वारीचा श्वसन गुणांक सुमारे 1 आणि करडईचा सुमारे 0.7 असतो.

हा फरक का पडावा? याचे उत्तर दोन्ही दाण्यांच्या शिदोरीत आहे. प्रत्येक दाण्यात कोंबासाठी अन्नाची शिदोरी बांधलेली असते. ज्वारीच्या दाण्याचे वजन शंभर भाग धरले, तर त्यात सुमारे सत्तर भाग पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, असतो. करडईची शिदोरी तेलाची असते. तिच्या दाण्यात सुमारे तीस भाग तेल असते. म्हणूनच ती घाण्यात घालतात. ज्वारी पिष्टमय पदार्थ जाळते, करडई स्निग्ध पदार्थ जाळते. या दोन सरपणांची घडणच निराळी आहे.

ती घडण पाहण्यासाठी थोडी मोजणी करावी लागते. पिष्टमय पदार्थ आणि स्निग्ध पदार्थ हे दोन्ही कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या अणूंचे बनलेले असतात. ऑक्सिजन म्हणजेच प्राणवायू. जळताना कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू लागतात व त्यांचा कर्बवायू होतो. हायड्रोजनच्या दोन अणूंना ऑक्सिजनचा एक अणू लागतो व त्यांचे पाणी होते. एवढे दोन नियम लक्षात ठेवले की पुढील हिशेब सोपा आहे.

ज्वारीतील स्टार्च प्रथम फुटून त्याची ग्लुकोज नावाची साखर होते. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे 6, हायड्रोजनचे 12 आणि ऑक्सिजनचे 6 अणू असतात. कार्बनच्या सहा अणूंसाठी ऑक्सिजनचे 12 अणू हवेत. हायड्रोजनच्या बारा अणूंसाठी 6 अणू हवेत. एकूण गरज 18 अणूंची झाली. त्यांपैकी 6 अणू ग्लुकोजजवळ आधीच आहेत. म्हणून हवेतून फक्त 12 अणू घ्यावे लागतात. हवेतील प्राणवायूच्या एका रेणूत दोन अणू असतात. म्हणजे हे 6 रेणू झाले. कार्बनचे अणू सहा असल्यामुळे कर्बवायूचेही 6 रेणू तयार होतात. सहा घेतले, सहा दिले. भागाकार 1 आला.

आता करडईच्या तेलाचा हिशेब करावा. या तेलात जो स्निग्ध पदार्थ मुख्यत्वेकरून आढळतो, त्याच्या एका रेणूत कार्बनचे 57, हायड्रोजनचे 98, पण ऑक्सिजनचे केवळ 6 अणू असतात. कार्बनसाठी ऑक्सिजनचे 114 अणू हवेत आणि हायड्रोजनसाठी 49. एकूण गरज 163 अणूंची. जवळचे 6 वजा केले, तर 157 अणू हवेतून आणावे लागतात. म्हणजे प्राणवायूचे साडेअठ्ठ्याहत्तर रेणू. कर्बवायूचे रेणू मात्र कार्बनच्या अणूंइतकेच, म्हणजे 57 तयार होतात. सत्तावन्नला साडेअठ्ठ्याहत्तरने भागले असता 0.73 येतात. निरनिराळ्या तेलांचे व चरब्यांचे असे हिशेब केले असता उत्तर 0.7 च्याच आसपास येते.

वायूंच्या बाबतीत एक सोय आहे. तापमान व दाब सारखे असले, तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्याही सारखीच असते. म्हणून रेणू मोजण्याऐवजी वायूचे आकारमान मोजले तरी चालते.

या हिशेबातून खरे कारण उघड होते. साखर ही जणू अर्धी जळलेलीच असते. तिच्यातील हायड्रोजनला पुरेल एवढा ऑक्सिजन तिच्याजवळच असतो. हवेतला प्राणवायू तिला केवळ कार्बनसाठी लागतो आणि तो सगळा कर्बवायूच्या रूपाने परत येतो. तेलाजवळ स्वतःचा ऑक्सिजन नसल्यासारखाच असतो. त्याला कार्बनसाठी तर प्राणवायू लागतोच. शिवाय पुष्कळशा हायड्रोजनसाठीही लागतो. हा दुसरा वाटा पाणी होऊन राहतो, वायूच्या रूपाने परत येत नाही. तेलापासून अधिक उष्णता मिळते, तीही याच कारणाने. कारण त्यात जाळण्यासारखे अजून पुष्कळ शिल्लक असते.

हे पाणी होणाऱ्या प्राणवायूचे कोडे शास्त्रज्ञांना प्रथम फ्रान्समध्ये पडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने गिनीपिग या लहान प्राण्याचे श्वसन मोजले. प्राण्याने जेवढा प्राणवायू घेतला, तेवढा कर्बवायू भरेना. उरलेला प्राणवायू शरीरातील हायड्रोजनशी मिळून त्याचे पाणी झाले असावे, असा तर्क त्याने केला, आणि तो बरोबर होता. पुढे 1849 साली रेन्यो व रेझे या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी निरनिराळे प्राणी काचेच्या बंद पात्रात ठेवून केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत असे दिसून आले की हा भागाकार प्राण्याच्या जातीवर फारसा अवलंबून नसतो. त्याने काय खाल्ले यावर तो अवलंबून असतो. त्याच प्राण्याला उपाशी ठेवले, की तो स्वतःच्या शरीरातील चरबी जाळू लागतो आणि भागाकार खाली येतो.

ज्वारी व करडई यांच्या श्वसनातील फरक शाळेच्या प्रयोगशाळेतही पाहता येतो. मोड आलेली ज्वारी एका काचेच्या बाटलीत आणि मोड आलेली करडई दुसऱ्या बाटलीत ठेवतात. प्रत्येक बाटलीला घट्ट बूच बसवून त्यातून एक बारीक, आडवी काचेची नळी बाहेर काढतात आणि नळीत रंगीत पाण्याचा एक थेंब सोडतात. बाटलीतील वायू कमी झाला, की थेंब आत सरकतो. ज्वारीच्या बाटलीचा थेंब जवळजवळ जागेवरच राहतो. याचा अर्थ ज्वारी श्वसन करीत नाही असा नव्हे. जेवढा वायू ती घेते तेवढाच ती देते, म्हणून थेंबाला हलण्याचे कारण उरत नाही. करडईचा थेंब मात्र आत सरकत जातो.

यानंतर दोन्ही बाटल्यांत कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाची लहानशी वाटी ठेवून प्रयोग तितकाच वेळ पुन्हा करतात. हे द्रावण कर्बवायू शोषून घेते. ते कातडीला भाजते, म्हणून ते शिक्षकांनीच हाताळावयाचे असते. आता तयार झालेला कर्बवायू शिल्लकच राहत नाही. त्यामुळे थेंब जेवढा सरकेल, तेवढा प्राणवायू वापरला गेला असे समजते. समजा, करडईचा थेंब पहिल्या वेळी 3 खुणा आणि दुसऱ्या वेळी 10 खुणा सरकला. मग प्राणवायू 10 भाग वापरला गेला आणि त्याची जागा घेण्यास कर्बवायू 7 भागच निघाला होता. सातला दहाने भागले की 0.7 हा गुणांक मिळाला.

या प्रयोगात फसगतही होते. बाटलीला हाताची ऊब लागली, तरी आतली हवा प्रसरण पावून थेंब बाहेर सरकतो. बूच सैल असले, तर थेंब हलतच नाही आणि पाहणाऱ्याला तो ज्वारीचा गुण वाटतो. म्हणून उकळून मारलेल्या दाण्यांची एक तिसरी बाटली शेजारी ठेवतात. तिच्यातील थेंबही हलू लागला, तर दोष उष्णतेचा आहे, दाण्यांचा नव्हे, हे ओळखता येते. बूच घट्ट आहे की नाही, हे पोटॅशच्या वेळी कळते. थेंब तेव्हाही हलला नाही, तर हवा कोठून तरी आत येत आहे.

माणसाचे शरीरही याच नियमाने चालते. स्वस्थ पडून असलेला प्रौढ माणूस दर मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर प्राणवायू वापरतो. समजा, त्याच वेळात त्याने 205 मिलिलिटर कर्बवायू बाहेर टाकला. 205 ला 250 ने भागले असता 0.82 येतात. हा आकडा 1 आणि 0.7 यांच्या मध्ये आहे. म्हणजे दोन्ही सरपणे जळत आहेत. किती किती, तेही काढता येते. शंभर मिलिलिटर प्राणवायू पिष्टमय पदार्थांवर खर्च झाला असे धरले, तर त्यातून 100 मिलिलिटर कर्बवायू निघेल. उरलेला दीडशे मिलिलिटर स्निग्ध पदार्थांवर खर्च झाला, तर त्यातून त्याचे सात दशांश, म्हणजे 105 मिलिलिटर निघेल. दोहोंची बेरीज 205 होते आणि हिशेब तंतोतंत जुळतो. प्रथिनेही थोडी जळत असतात. त्यांचा गुणांक सुमारे 0.8 असल्यामुळे या हिशेबात थोडा फरक पडतो, पण मुख्य गोष्ट बदलत नाही. भाकरी खाल्ल्यावर हा आकडा 1 कडे चढतो. दिवसभर कडकडीत उपवास केला तर तो 0.7 कडे उतरतो. मात्र हे माप घेताना माणूस शांत पडून असला पाहिजे. तो धापा टाकू लागला, तर रक्तात साठलेला जुना कर्बवायूही बाहेर पडतो आणि गुणांक एकदम 1 च्याही वर गेलेला दिसतो. तो आकडा अन्नाविषयी काहीच सांगत नाही.

आता पुन्हा पेवाकडे वळावे. ज्वारीचा श्वसन गुणांक 1 असल्यामुळे पेवात वायूचा दाब वाढतही नाही आणि घटतही नाही. तोंडावरचा दगड काढताना हवा आत ओढली जात नाही, बाहेरही फुसकारत नाही. कर्बवायूला रंग नाही. आत काय घडले आहे याची कोणतीच खूण वरून दिसत नाही. शंभरातले दहा भाग प्राणवायू गेले असतील, तर त्यांच्या जागी सुमारे दहा भाग कर्बवायू येऊन बसलेला असतो. काही कर्बवायू भोवतालच्या मातीत मुरतो, म्हणून हा आकडा काटेकोर नसतो. परंतु एवढा कर्बवायू असलेल्या हवेत माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध होतो. कर्बवायू हवेपेक्षा जड असल्यामुळे दगड काढल्यावरही तो तळाशी रेंगाळतो. वाकून पाहणाऱ्याला काही जाणवत नाही. आत उतरणाऱ्याला जाणवते, तेव्हा वर चढण्याचे बळ उरलेले नसते. त्याला काढण्यासाठी घाईने उतरलेला दुसरा माणूसही तसाच पडतो.

दमट धान्याच्या पेवात आणखी एक संकट असते. प्राणवायू संपत आला, तरी दमट दाणे आणि बुरशी आपले काम पूर्णपणे थांबवीत नाहीत. ती प्राणवायूवाचूनच साखर फोडू लागतात. तिचा मद्यार्क होतो आणि कर्बवायू निघतच राहतो. घेणे बंद, पण देणे चालू. त्यामुळे गुणांक 1 च्या वर जातो. अशा पेवाला आंबूस वास येतो. तो वास आला, तर आतला कर्बवायू नेहमीच्या हिशेबापेक्षाही अधिक आहे असे समजावे.

कंदिलाची जुनी परीक्षा काय सांगते, हे यावरून समजते. हवेतील प्राणवायू एकवीस भागांवरून सोळा-सतरा भागांपर्यंत उतरला, की ज्योत विझते. ज्वारीच्या पेवात त्या वेळी कर्बवायू सुमारे चार भागांपर्यंत चढलेला असतो आणि तेवढ्यानेही माणसाला धाप लागते. म्हणून विझलेला कंदील मृत्यूची खरी सूचना देतो. परंतु तेवणारा कंदील तितका विश्वासाचा नाही. ज्योत प्राणवायू किती आहे तेवढेच ओळखते. आंबलेल्या धान्यातून निघालेला जादा कर्बवायू ती ओळखत नाही. शिवाय कंदील जेथपर्यंत पोहोचला तेथलीच हवा त्याला कळते. तळाच्या कोपऱ्यातली नाही.

आता पेवे फारशी उरली नाहीत. पण धान्याची बंद कोठारे, जुन्या विहिरी आणि मळीचे खड्डे आहेत. तेथेही जिवंत किंवा कुजणारे पदार्थ प्राणवायू घेत असतात व कर्बवायू देत असतात. अशा जागेत हवा खेळती केल्याशिवाय आणि वायू मोजण्याच्या यंत्राने पाहिल्याशिवाय उतरू नये. कोणी आत पडलेला दिसला, तर मागोमाग उडी न घेता वरूनच मदत बोलवावी. ज्वारीचा दाणा मूठभर असो की गाडीभर असो. तो जेवढा प्राणवायू घेतो, तेवढाच कर्बवायू परत देतो, आणि बंद जागेत ही देवघेव चुकत नाही.